स्क्रीनवर हवा उत्तम, तरी मागच्या सीटवर जांभया: गाडीत आठ महिने मीटर ठेवून आलेला अनुभव

गाडी घेताना एअर प्युरिफायर आणि आयोनायझर असलेलं वरचं मॉडेल मुद्दाम घेतलं, कारण लेकीला धुळीचा त्रास आहे. आम्ही नाशिकला राहतो, माझं माहेर वर्ध्याला. सिन्नरजवळ समृद्धीवर चढलं की पुढचे पाच-सहा तास काचा बंद आणि एसी चालू. पहिल्या दोन्ही खेपांना एकच गोष्ट घडली. स्क्रीनवर एक्यूआय २०च्या आत, शेजारी हिरवी खूण, आणि गाडीत मात्र सगळे मरगळलेले. जालन्याच्या आसपास आई म्हणाली, "मागे कोंदल्यासारखं होतंय गं, जरा काच खाली कर." मी तिला स्क्रीन दाखवली आणि हवा स्वच्छ असल्याचं सांगितलं. चूक माझी होती. ती म्हणत होती तेच खरं होतं.

गाडीतला सेन्सर धूळ मोजतो. लेझरच्या उजेडात कण किती चमकतात यावरून तो पीएम २.५चा अंदाज बांधतो आणि तोच आकडा एक्यूआय म्हणून दाखवतो. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही. त्यात माझ्या गाडीत प्युरिफायरचं बटण दाबलं की रिसर्क्युलेशन आपोआप चालू होतं. म्हणजे बाहेरची झडप बंद होते आणि आतलीच हवा फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरते. दर फेरीला धूळ कमी होते, पण श्वास साठत जातो. एक आकडा सुधारतो तेव्हाच दुसरा बिघडत असतो, आणि स्क्रीनवर आपल्याला फक्त सुधारणारा दिसतो.

म्हणून कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर घेतला. घेताना एक गोष्ट नक्की तपासा. इन्फ्रारेड किरणांनी प्रत्यक्ष वायू मोजणारा, म्हणजे एनडीआयआर सेन्सरवाला मीटरच घ्या. स्वस्तातले बरेच मीटर इतर वासांवरून अंदाज करतात. माझ्या मैत्रिणीकडचा तसलाच एक मीटर हाताला सॅनिटायझर लावल्याबरोबर दुप्पट आकडा दाखवायचा. मी माझा मीटर पुढच्या दोन सीटच्या मधे ठेवते, एसीच्या झोतापासून आणि कुणाच्याही तोंडापासून लांब. गाडी उन्हात उभी करायची असेल तर तो काढून पर्समध्ये टाकते, कारण बंद गाडीतल्या उष्णतेत सेन्सर बिघडू शकतो. शिवाय हे मीटर गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजेच बाहेरची हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा तो तासभर बाल्कनीत ठेवावा लागतो, नाहीतर हळूहळू आकडा कमी दाखवायला लागतो. मोकळ्या हवेत ४२०-४३०च्या आसपास पीपीएम दिसले की समजायचं, मीटर ठीक आहे.

मग एका खेपेला नीट नोंद केली. गाडीत आम्ही चौघं, वेग १००, ब्लोअर दोनवर, रिसर्क्युलेशन चालू. मीटर नवऱ्याच्या हातात होता, आकडे लेक वहीत लिहीत होती. निघताना ५००. दहा मिनिटांत २,८००. अर्ध्या तासाने ३,९००, आणि तिथेच तो रेंगाळला, कारण वेगात जाताना दारांच्या फटींतून थोडी बाहेरची हवा आत येतच असते. त्या वेळी गाडीची स्क्रीन एक्यूआय १४ दाखवत होती. एरवी खोलीत हजारच्या वर गेलं की कोंदट वाटायला लागतं आणि दोन हजारांच्या पुढे डोकं जड होणं, पेंग येणं अशा तक्रारी सुरू होतात. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी ५,०००ची मर्यादा धरतात. आम्ही तिच्यापासून फार लांब नव्हतो, आणि मी गाडी चालवत होते.

झडप उघडून फ्रेश एअरवर टाकलं, ब्लोअर दोनवरच ठेवला. पाच मिनिटांत आकडा हजाराच्या खाली आला आणि ९००च्या जवळपास थांबला. एक्यूआय १४वरून ४५ झाला. हा सौदा मला पूर्ण मान्य आहे. बहुतेक गाड्यांत बाहेरची हवाही त्याच केबिन फिल्टरमधून आत येते, त्यामुळे फ्रेश एअर म्हणजे रस्त्याची धूळ थेट नाकात, ही माझी भीती खोटी ठरली. फक्त फिल्टर स्वच्छ हवा. आठ महिन्यांनी मी ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा काढला तेव्हा तो राखाडी झाला होता आणि घड्यांमध्ये पानं अडकली होती. नवीन बसवल्यावर त्याच दोन नंबरला झोत स्पष्टपणे वाढला.

माणसांची संख्या फार महत्त्वाची आहे. एकटी असते तेव्हा हायवेवर रिसर्क्युलेशन चालू ठेवूनही आकडा १,३००च्या आसपास थांबतो. चौघांत तोच तिप्पट होतो. म्हणून एकटीने ऑफिसला जाताना जे चालून जातं ते घरच्यांना घेऊन निघाल्यावर चालत नाही.

मेमध्ये मात्र अडचण आली. वर्ध्याकडे ४४ अंशांत फ्रेश एअरवर मागची सीट गारच होईना. आईला ऊन सोसत नाही. तेव्हा पाच मिनिटं आतली हवा, तीन मिनिटं बाहेरची, असा क्रम धरला. आकडा १,००० ते २,२०० यांमध्ये खालीवर होत राहिला आणि गारवाही टिकला. बटणाची जबाबदारी लेकीने घेतली आणि घड्याळ लावून ती पारही पाडली. इगतपुरीचा लांब बोगदा किंवा समोर काळा धूर सोडणारा ट्रक आला की मी रिसर्क्युलेशन लावते आणि तो मागे पडला की लगेच काढते. काही गाड्यांत हे आपोआप करणारा सेन्सर असतो, पण तो धुराच्या वायूंना जागा होतो, आपल्या श्वासाला नाही.

आता आयोनायझर. तो हवेतल्या कणांना विद्युतभार देतो, मग ते कण एकमेकांना आणि काचेला, सीटला चिकटतात. कार्बन डायऑक्साइडवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही, तो चालू-बंद करून मी आकडे पाहिले. धुळीसाठीही उभ्या गाडीत, ब्लोअर एकवर ठेवून, २० मिनिटं तो चालू आणि २० मिनिटं बंद असं करून पाहिलं. एक्यूआय दोन्ही वेळा जवळपास सारखाच उतरला, म्हणजे काम फिल्टरच करत होता. उलट बंद गाडीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास यायला लागला आणि लेक खोकायला लागली. असे आयोनायझर थोडाफार ओझोन सोडू शकतात आणि ओझोन श्वासनलिकेला झोंबतो. ज्यांच्या घरी दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांनी तो बंदच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. माझा सेटिंगमध्ये जाऊन बंद केलाय. पण सर्व्हिसिंगहून गाडी आल्यावर तो पुन्हा चालू झालेला दोनदा आढळला, तेव्हा तपासत जा.

थकव्याचं विचाराल तर फरक पडला. दुपारचं डोकं चढणं गेलं, आई वर्ध्यापर्यंत गप्पा मारत येते. पण दिवाळीच्या खेपेला आदल्या रात्री चारच तास झोप झाली होती आणि मीटर ८५० दाखवत असतानाही माझे डोळे मिटायला लागले. त्या दिवशी मेहकरच्या पुढे गाडी सुरक्षित जागी उभी केली, २० मिनिटं झोपले आणि उरलेलं अंतर नवऱ्याने चालवलं.