अकरा महिने एकच गेम: ‘कॅशे साफ करा’ने दिले ८४ एमबी, १४ जीबी मात्र जागच्या जागी

गेमचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार त्या एकाच गेमचा नाही. मोठा थ्रीडी गेम, दर सहा आठवड्यांनी नवा अपडेट, प्ले स्टोअरवर आकार ४१२ एमबी. अकरा महिने रोज खेळते आहे. खेळण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती जागेची.

तीन महिन्यांपूर्वी घरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ घेताना फोन मध्येच थांबला, ‘जागा शिल्लक नाही’. फोन १२८ जीबीचा. सेटिंग्जमध्ये ॲप्स आकारानुसार लावली, तर हा गेम सगळ्यांच्या वर. ॲपचा आकार १.१ जीबी, वापरकर्ता डेटा १८.६ जीबी, कॅशे ८४ एमबी. प्ले स्टोअरवरचे ४१२ एमबी म्हणजे फक्त दाराची चौकट. घराचं सामान गेम पहिल्यांदा उघडल्यावर स्वतःच्या सर्व्हरवरून वेगळं उतरवतो आणि ते सगळं ‘वापरकर्ता डेटा’त मोजलं जातं, हे त्या दिवशी नीट कळलं.

कोणीही करेल तेच केलं, ‘कॅशे साफ करा’ दाबलं. ८४ एमबी सुटले. दुसऱ्या दिवशी त्यातले ७० परत आले.

कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: ‘स्टोरेज साफ करा’ दाबा किंवा गेम काढून पुन्हा टाका. माझं खातं ईमेलला जोडलेलं होतं, पण मी थांबले. धाकट्या भावाने मात्र त्याच सल्ल्यावर त्याच्या फोनवर ‘स्टोरेज साफ करा’ दाबलं. तो पाहुणा म्हणून खेळत होता, खातं कुठेच जोडलेलं नव्हतं. पाहुण्याची ओळख फोनमध्ये ॲपच्या आतल्या खासगी जागेत असते, आणि ते बटण आधी तीच जागा पुसतं. त्याची सात महिन्यांची प्रगती गेली. पुन्हा लिहिलं, तर ‘पाहुणा खात्याची माहिती आमच्याकडे नसते’ असं उत्तर. सल्ला देताना हे एक वाक्य आधी लिहायला काय हरकत होती? मला याचा अजूनही राग आहे. म्हणून पुढचं काहीही करण्याआधी गेममध्ये जाऊन खातं जोडलेलं आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

मग ठरवलं, हे १८.६ जीबी आहेत तरी काय ते बघायचंच.

फोनमध्ये गेमचा डेटा दोन ठिकाणी असतो. एक आतली खासगी जागा, जी आपल्याला दिसत नाही. दुसरी `Android/data` मधलं गेमच्या नावाचं फोल्डर, आणि मोठा भार जवळजवळ नेहमी इथेच असतो. अँड्रॉइड ११ पासून साध्या फाइल मॅनेजरला या फोल्डरमध्ये शिरता येत नाही. पण फोन केबलने कॉम्प्युटरला लावून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं, की माझ्या फोनवर ते उघडतं. तिथे फोल्डरचे आकार चटकन दिसत नाहीत, म्हणून मी फोनच्या डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग चालू केलं आणि कॉम्प्युटरवर `adb` या साधनातून ही एक ओळ चालवली. खऱ्या गेमचं पॅकेज नाव प्ले स्टोअरच्या वेबपत्त्यात `id=` नंतर मिळतं. इथे नमुन्याचं नाव दिलं आहे.

```
adb shell "du -sh /sdcard/Android/data/com.example.game/files/*"
```

उत्तर आलं: `UnityCache` १३.९ जीबी, व्हिडिओचं फोल्डर ३.४ जीबी, लॉगचं ०.६ जीबी, बाकी किरकोळ ०.७ जीबी.

ज्या फोल्डरच्या नावातच कॅशे आहे, ते १३.९ जीबीचं, आणि ‘कॅशे साफ करा’ त्याला हातही लावत नाही! कारण अगदी सरळ आहे. ते बटण फक्त `cache` नावाच्या ठरलेल्या जागा रिकाम्या करतं. हे फोल्डर आहे `files` च्या आत. अँड्रॉइडच्या हिशेबी `files` म्हणजे ॲपला हवा असलेला कायमचा ऐवज, त्याला परस्पर हात लावायचा नाही. म्हणजे अँड्रॉइडचं चुकत नाही. गेम इंजिनने ज्याला कॅशे म्हटलं, ते ठेवलं कायमच्या कपाटात.

आता त्या कपाटाच्या आत. `UnityCache/Shared` मध्ये शेकडो फोल्डर दिसतात. प्रत्येक फोल्डर म्हणजे सामानाचं एक गाठोडं: एखादं पात्र, एखादा नकाशा. त्यात लांबलचक अक्षर-अंकांच्या नावाचं आणखी एक फोल्डर, आणि त्यात दोनच फाइल, `__data` आणि `__info`. ते लांबलचक नाव म्हणजे त्या गाठोड्याची आवृत्ती. मी एक गाठोडं उघडलं तर आत एक नाही, तीन आवृत्त्या. तिन्हींतली `__data` ४६-४७ एमबीची, तारखा तीन वेगवेगळ्या अपडेटच्या. एकच पात्र फोनमध्ये तीनदा, आणि गेम वापरतो फक्त शेवटचं.

नुसत्या अंदाजावर विश्वास नको म्हणून त्या एका गाठोड्यातल्या जुन्या दोन आवृत्त्या पुसल्या आणि गेम उघडला. काहीही डाउनलोड न होता पात्र जसंच्या तसं आलं. मग नवी आवृत्ती पुसून पाहिली, तर गेमने लगेच ४७ एमबी मागवले. म्हणजे जुन्या दोन खरोखरच मेलेला भार होत्या.

शेकडो फोल्डरांतून हाताने जुनं निवडत बसणं शक्य नव्हतं. वायफायवर असताना गेम पूर्ण बंद करून अख्खं `UnityCache` पुसलं. `files` नाही, फक्त `UnityCache`. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण युनिटी या गेम इंजिनवर बनलेले बरेच ऑफलाइन गेम आपली सेव्ह फाइल त्याच `files` मध्ये ठेवतात. अख्खं `files` उडवलं तर जागा सुटते, पण खेळही जातो. गेम उघडला, लॉगिन शाबूत, प्रगती शाबूत, आणि ६.१ जीबीचं डाउनलोड समोर. १३.९ चे ६.१ झाले, ७.८ जीबी नुसत्या जुन्या प्रती होत्या.

त्या रात्री मी गेमला एक तारा देऊन अभिप्राय लिहिला: हा गेम काहीच कधी पुसत नाही. तो अभिप्राय मी नंतर बदलला, आणि का बदलला तेही लिहिलं पाहिजे. पुसण्याआधी मी फाइलींच्या तारखांची यादी काढून ठेवली होती. ती शांतपणे वाचल्यावर दिसलं, की ज्या जुन्या प्रतीची जागा पाच महिन्यांहून आधी नव्या प्रतीने घेतली होती, अशी एकही प्रत तिथे नव्हती. मग युनिटीची माहितीपुस्तिका पाहिली. कॅशेमधली वस्तू न वापरता पडून राहिली तर ती आपोआप पुसण्याची मुदत तिथे मुळातच १५० दिवसांची आहे. म्हणजे साफसफाई होते, पण पाच महिन्यांनी. सहा आठवड्यांनी अपडेट येणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात तीन-चार पिढ्या साचतात. तरी माझा राग पूर्ण गेला नाही, कारण ही मुदत कमी करणं गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं, आणि चालू आवृत्ती सोडून बाकीच्या पुसण्याची सोयही इंजिनमध्ये तयार आहे. एक ताऱ्याचे मी तीन केले.

लॉगचं फोल्डर मी डोळे मिटून पुसलं. आठ दिवसांनी त्यात २० एमबी होते, काही बिघडलं नाही. गेम अडकला तर बनवणाऱ्यांना कारण शोधायला ते उपयोगी पडतं, खेळणाऱ्याला नाही.

व्हिडिओच्या बाबतीत माझी चूक झाली. कथेतले प्रसंग बघून झाले होते, म्हणून ३.४ जीबी हाताने पुसले. पुढच्या वेळी गेम सुरू होताना ‘संसाधनं अपुरी आहेत’ आणि सगळंच्या सगळं ३.४ जीबी डाउनलोड परत, तेही मी बाहेर मोबाइल डेटावर असताना. गेम सुरू होताना आपल्याकडच्या यादीशी फाइली ताडून बघतो. यादीत आहे आणि फोनमध्ये नाही, की मागवतो. म्हणजे यादीत नसलेलं पुसलं तरच जागा टिकते. जुन्या आवृत्त्या यादीत नव्हत्या, व्हिडिओ होते. यादी फक्त गेमच बदलू शकतो. पुढे महिन्याभराने आलेल्या अपडेटमध्ये सेटिंगमध्ये ‘संसाधन व्यवस्थापन’ असं पान आलं, तिथून पूर्ण झालेल्या अध्यायांचे व्हिडिओ काढले. २.९ जीबी सुटले आणि आजपर्यंत परत आले नाहीत. तुमच्या गेममध्ये असं पान असेल, आवाजाच्या भाषा काढायची सोय असेल, तर आधी तिथेच जा. केबल नंतर.

दुसऱ्या इंजिनवरच्या गेममध्ये हीच युक्ती चालेल असं धरू नका. एका गेममध्ये मला `UnityCache` नव्हतंच, मोठाल्या `.pak` फाइल होत्या. त्या एकमेकींवर रचलेल्या असतात, नवी फाइल जुनीचा काही भागच झाकते, त्यामुळे जुनी दिसली म्हणून काढली तर गेम अर्धवट राहतो. तिथे मी फक्त लॉग काढले आणि बाकीला हात लावला नाही.

आणि एक, गेम कायमचा काढताना. काढण्याच्या खिडकीत कधी कधी ‘ॲपचा डेटा ठेवा’ अशी चौकट येते. तिच्यावर खूण राहिली तर गेम जातो आणि जीबी राहतात. माझ्याकडून एकदा तसं झालं होतं. तोच गेम पुन्हा टाकून, खूण काढून मग काढल्यावर जागा मोकळी झाली.

काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करा. ते चालू असलं की काही बँकांची ॲप्स उघडत नाहीत.

सध्याची स्थिती: साफसफाईनंतर डेटा ७.३ जीबीवर आला होता. त्यानंतर आणखी एक अपडेट झाला, आज सकाळी ८.९ दिसतो आहे. त्यातलं एक गाठोडं उघडून पाहिलं, पुन्हा दोन आवृत्त्या. पुढच्या अपडेटच्या आदल्या रात्री वायफायवर `UnityCache` पुन्हा पुसणार आहे, म्हणजे सगळं एकदाच उतरेल.