फाइव्ह-पार्ट सेल काउंटर, आठ महिन्यांनंतर: प्लेटलेटच्या आकड्यावर कधी विश्वास ठेवावा

जळगावच्या लॅबमध्ये पावसाळ्यापासून रक्तातल्या पेशी मोजणारं हे मशीन रोज चालतंय. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींच्या आकड्यांबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते प्लेटलेटबद्दल, कारण डेंग्यूच्या दिवसांत सगळे निर्णय त्याच आकड्यावर होतात. नातेवाईक ‘पांढऱ्या पेशी किती?’ विचारतात, तेव्हाही त्यांना बहुधा प्लेटलेटच विचारायच्या असतात.

या मशीनमध्ये लेझर आहे, पण तो फक्त पांढऱ्या पेशींसाठी. पेशी एकामागून एक किरणासमोरून जातात. सरळ पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून आकार कळतो, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतले दाणे आणि केंद्रकाची गुंतागुंत. तांबड्या पेशी आणि प्लेटलेट मात्र एकाच छिद्रातून, विजेच्या अडथळ्यावर मोजल्या जातात. ही पद्धत वॉलेस कुल्टर यांची, पेटंट 1953 चं.

काम सोपं आहे. रक्त मिठाच्या द्रावणात हजारो पट पातळ होतं आणि सत्तरेक मायक्रॉनच्या छिद्रातून ओढलं जातं. छिद्राच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड असतात, ठरावीक प्रवाह चालू असतो. पेशीतून वीज नीट जात नाही, म्हणून पेशी छिद्रात शिरली की तिच्याएवढं द्रावण बाजूला होतं आणि क्षणभर अडथळा वाढतो. अडथळ्याचे हे ठोके मोजले की संख्या मिळते, ठोक्याच्या उंचीवरून घनफळ. पण ती पेशी कोणती, हे मशीनला कळत नाही. साधारण 2 ते 20 फेम्टोलिटरमधलं ते प्लेटलेट, 36 च्या वरचं ते तांबडी पेशी, आणि मधल्या पट्ट्यात रेघ कुठे मारायची ते मशीन आलेखातली दरी पाहून ठरवतं. सगळी गडबड याच रेघेवर होते.

एक नमुना घ्या. तापाचा रुग्ण, प्लेटलेट 41,000. अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. प्लेटलेटचा आलेख उजवीकडे खाली टेकतच नाही, तसाच लोंबत राहतो, आणि पांढऱ्या पेशींच्या चित्रात डाव्या तळाशी ठिपक्यांचा फालतू घोळका. अशा वेळी आधी काडीने ट्यूबमध्ये गुठळी आहे का पाहायचं. इथे गुठळी नव्हती. काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या, म्हणजे स्मिअरच्या, शेपटाकडे गेलं की प्लेटलेटचे झुपके दिसले. काही लोकांच्या रक्तात, ट्यूबमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि ट्यूब जितकी पडून राहील तितक्या जास्त. वीस प्लेटलेटचा झुपका छिद्रातून एकदाच जातो. तो प्लेटलेट म्हणून मोजलाच जात नाही, उलट पांढऱ्या पेशीत जमा होऊ शकतो. निळ्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, लगेच चालवलं: 1,72,000. त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून 1.1 ने गुणायचं: सुमारे 1,89,000. सूक्ष्मदर्शकात ऑइल इमर्शनच्या दहा फील्डमध्ये, झुपके नसलेल्या स्मिअरवर, सरासरी 12 प्लेटलेट होत्या. गुणिले 15,000 केलं की 1,80,000. दोन्ही आकडे जुळले, तेव्हाच रिपोर्ट दिला.

उलटी चूक जास्त धोक्याची, कारण ती दिलासा देते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्या नमुन्यांत रक्तक्षयामुळे तांबड्या पेशी फार लहान झालेल्या असतात. एमसीव्ही 58 फेम्टोलिटर असेल तरी तो तांबड्या पेशींचा सरासरी आकार झाला. सर्वांत बारीक पेशी आणि तुटके तुकडे रेघेच्या खाली जाऊन प्लेटलेट म्हणून मोजले जातात. मशीन 1,95,000 दाखवतं, स्मिअरवर फील्डला सहा-सातच दिसतात, म्हणजे लाखाच्या आसपास. दोन टेकड्यांमधली दरी आलेखात नीट तळाला टेकत नसेल, तर मशीनचा फ्लॅग, म्हणजे इशारा, आला नसला तरी स्मिअर पाहावा. हा या मशीनचा खरा उणेपणा: प्लेटलेट प्रकाशाने मोजायची सोय महागड्या मॉडेलमध्येच आहे, आणि डेमोच्या वेळी हे कोणी आपणहून सांगत नाही. खरेदीपूर्वी विचाराच.

तिसरी गोष्ट धुळीची. मशीनला धुळीचा कणही प्लेटलेटच. सकाळच्या ब्लँकमध्ये, म्हणजे रक्ताशिवाय चालवलेल्या फेरीत, प्लेटलेट 10,000 च्या आत हवेत. एकदा 14,000 आले. रक्त पातळ करायच्या द्रावणाच्या, म्हणजे डायल्युअंटच्या, कॅनची टोपी सैल होती आणि नळी तळाला टेकली होती. कॅन बदलला, छिद्र हायपोक्लोराइटच्या क्लीनरने धुतलं, तीन ब्लँक चालवले, आकडा 3,000 वर आला. लाखभर प्लेटलेटच्या नमुन्यात 14,000 चा फरक खपून जातो. वीस हजाराच्या नमुन्यात त्याच फरकाने प्लेटलेट चढवायच्या की नाही हा निर्णयच बदलतो, म्हणून तापाच्या हंगामात आम्ही दुपारीही एक ब्लँक चालवतो.