5 लिटरचा स्टील कुकर, उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून (शिट्टीच होत नाही म्हणणाऱ्यांसाठी खास)

उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता दिवाळी आली, म्हणजे चांगला रगडून झालाय. बाहेरच्या झाकणाचा, जाड बुडाचा, 5 लिटर. कंपनीचं नाव टाकत नाही कारण जे लिहितेय ते बहुतेक सगळ्याच कुकरला लागू आहे. घेण्याआधी रिव्ह्यू वाचले तर अर्ध्या लोकांची एकच तक्रार, शिट्ट्या कमी होतात, जुन्याला पाच व्हायच्या याला दोनच होतात, म्हणून परत केला. आमच्या सासूबाईंचं पण सुरुवातीला तेच, ओट्याजवळ उभ्या राहून "अजून वाजनी नही, डाय कशी शिजी?" आणि झाकण उघडलं की डाळ अशी गळालेली की रवी फिरवायचं पण काम नाही. मग त्यांनीच दिराला विचारलं, हे असं कसं काय. दीर दीपनगरच्या पावर हाऊसला बॉयलरवर आहे, त्याला वाफेबद्दल कुणी विचारलं की तो जेवण सोडून बोलतो.

त्याने जे सांगितलं ते माझ्या शब्दात लिहिते. पाणी तापलं की त्यातून वाफ व्हायला बघते, बुडाशी बुडबुडे होतात, पण वरून हवेचा दाब असतो तो त्या बुडबुड्याला दाबून टाकतो. जोपर्यंत आतल्या वाफेचा जोर बाहेरच्या दाबाइतका होत नाही तोपर्यंत बुडबुडा टिकत नाही, आणि ज्या तापमानाला तो जोर बरोबरीचा होतो तिथे पाणी उकळतं. आपल्याकडे भुसावळ-जळगावला, समुद्रापासून 200 मीटरच्या आसपास उंची, तिथे हे 99 च्या वर थोडं होतं, शंभरच धरा. आता मुद्दा असा की एकदा उकळी फुटली की पातेल्यातलं पाणी शंभरच्या वर जातच नाही, तुम्ही गॅस कितीही मोठा करा, जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि ती वाफ खिडकीतून बाहेर. पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळे, गॅस कमी पडतो म्हणून नाही.

कुकरमध्ये ती वाफ बाहेर जाऊ देत नाही एवढंच. झाकण आणि रबराची रिंग तिला अडवते, वाफ साठत जाते, दाब वाढतो, आणि दाब वाढला की बुडबुड्याला टिकायला अजून जास्त जोर लागतो, म्हणजे पाणी अजून तापल्याशिवाय उकळत नाही. दिराच्या डायरीत मागे स्टीम टेबल छापलंय, त्यात एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला तापमान, 1 बारला, म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेएवढ्या दाबाला, 99.6 आणि 2 बारला 120.2. आपला घरचा कुकर साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटर एवढा जास्तीचा दाब धरतो, त्यात बाहेरच्या हवेचा एक मिळवला की जवळपास दोन, म्हणजे आत 120 च्या आसपास. वीस डिग्रीच वाढल्या, त्यात काय एवढं, असं मला पण वाटलं होतं. पण डाळीचे दाणे ज्याने घट्ट धरलेले असतात ते पेक्टिन विरघळायचा वेग अशा तापमानाला ढोबळ मानाने दर दहा डिग्रीला दुप्पट होतो, म्हणजे वीस डिग्रीला चौपट. पातेल्यात 40 मिनिटं घेणारी तूर डाळ कुकरमध्ये दहाएक मिनिटात होते त्याचा हिशोब हा असा.

आता शिट्टीचं. शिट्टी म्हणजे मोजमाप नाही, ते एक वजन आहे. खालच्या नळीचं भोक समजा 3 मिलीमीटरचं, त्याचं क्षेत्रफळ साधारण 0.07 चौरस सेंटीमीटर, त्यावर 1 किलोचा दाब म्हणजे वर ढकलणारा जोर 70 ग्रॅमचा. शिट्टीचं वजन पण तेवढंच ठेवलेलं असतं, दाब त्याच्या वर गेला की शिट्टी उचलली जाते, थोडी वाफ सुटते, दाब उतरला की परत बसते. म्हणूनच एका कंपनीची शिट्टी दुसऱ्या कुकरला लावू नये, बसते बरोबर पण भोक वेगळं असलं की सगळं गणित बिघडतं. आणि पहिली शिट्टी झाली म्हणजे आतलं तापमान 120 ला पोचलं, त्यानंतर दहा शिट्ट्या झाल्या तरी ते तिथेच. गॅस मोठा असेल तर शिट्ट्या पटापट होतात आणि बारीक असेल तर होतच नाहीत, पण डाळ दोन्हीकडे सारखीच शिजते. उलट प्रत्येक शिट्टीत वाफ फुकट जाते, 100 ग्रॅम पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात पाऊण लिटर साधं पाणी उकळीला येतं, विचार करा सिलेंडर कुठे चाललाय. त्यामुळे माझ्या घरी आता पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि घड्याळ. तूर डाळ धुवून अर्धा तास भिजवलेली, वाटीला तीन वाट्या पाणी, हळद, चमचाभर तेल, शिट्टीनंतर दहा मिनिटं आणि मग गॅस बंद करून शिट्टी आपोआप उतरेपर्यंत हात लावायचा नाही. तो उतरायचा वेळ पण शिजायचाच वेळ आहे बरं का, आत 120 वरून खाली येत असतं तेव्हा डाळ मऊ होतच असते. मागे वरण-बट्टीला वीसेक माणसं होती तेव्हा असंच केलं, आणि बट्टी भाजून होईपर्यंत वरणाला फोडणी पण देऊन झाली होती.

याला शिट्ट्या कमी का होतात ते पण कळलं मग. जुना कुकर अॅल्युमिनियमचा होता, तो लवकर तापायचा आणि त्याची रिंग ढिली झालेली, गॅस मोठाच ठेवायला लागायचा. नवीन जाड बुडाचा आहे आणि रिंग घट्ट आहे, दाब धरून ठेवतो, मग शिट्टी मारायचं कारणच राहत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोक एक स्टार देताहेत तीच त्याची चांगली गोष्ट आहे.

एक गोष्ट दिराने बळजबरी करून शिकवली ती म्हणजे शिट्टी लगेच लावायची नाही. झाकण लावल्यावर आत पाण्याबरोबर हवा पण असते, तिच्यासकट बंद केलं तर दाबातला काही हिस्सा हवेचा असतो, वाफेचा नाही, आणि तापमान वाफेच्या हिश्शावर ठरतं, म्हणजे दाब तेवढाच दिसतो पण वरच्या डब्यातला भात हवा तितका तापत नाही. त्यांच्याकडे बॉयलर पेटवताना पण आधी हवा सोडायचे वॉल उघडे ठेवतात म्हणे. घरी ओळखायचं असं की नळीतून सुरुवातीला फुसफुस येते, ती नुसती हवा आणि ओल, मग सरळ जोरात धार यायला लागते, आणि नीट बघितलं तर नळीच्या तोंडाशी अर्धा इंच काहीच दिसत नाही, पांढरं धुकं त्याच्या वर सुरू होतं. न दिसणारी तीच खरी वाफ, पांढरं जे दिसतं ते गार होऊन परत झालेलं पाणी. ती धार मिनिटभर चालू दिली की शिट्टी लावायची. इडलीला शिट्टी लावत नाहीत, तिथे तापमान शंभरच पाहिजे असतं.

ऑगस्टमध्ये तोरणमाळला गेलो होतो सगळे, चुलतसासऱ्यांच्या ओळखीच्या घरी मुक्काम, कुकर सोबत नेलेला. तिथे उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, बाहेरचा दाबच कमी, त्यामुळे पातेल्यातलं पाणी साधारण 96 ला उकळतं, चहाला काही फरक पडत नाही पण डाळीला पडतो, त्या घरच्या ताई म्हणाल्या आमच्याकडे खालच्यापेक्षा वेळ लागतोच. कुकरमध्ये शिट्टीचं वजन तेच असल्याने जास्तीचा दाब तेवढाच मिळतो, बाहेरचा कमी झाला म्हणून एकूण थोडा कमी, आत 118 च्या आसपास. म्हणजे पातेल्याला तीन-चार डिग्रीचा फटका आणि कुकरला दोनचाच. मी तिथे दहाच्या जागी बारा मिनिटं ठेवली, झाली.

आता जे आवडलं नाही. पावसाळ्यातच रिंगने त्रास दिला. झाकणाच्या बाजूने, हँडलच्या थोडं उजवीकडे, बारीक सूं आवाज आणि तिथे पाण्याचे थेंब, आणि शिट्टी काही उचलतच नाही. गॅस मोठा केला तरी नाही. डाळ पंचवीस मिनिटांनी पण दाताखाली येत होती. जेवढी वाफ तयार होते तेवढी बाजूने निघून जाते, दाब बनतच नाही, म्हणजे झाकण लावलेलं पातेलंच ते. रिंग काढून वाकवली तर एका जागी कडक झालेली, बारीक चिरा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर रिंग वॉरंटीत येत नाही म्हणे, एवढ्या लवकर गेली तरी. नवीन ओरिजिनल घेतली, आता धुतल्यावर झाकणातून काढून वेगळी वाळवते, उन्हात नाही, सावलीत.

अजून एक सांगायचं राहिलं, घाई असली की कुकर नळाखाली धरायची सवय असेल तर डाळीला तरी करू नका. आतलं पाणी 120 ला आहे, दाब अचानक उतरला की ते शंभरला यायलाच लागतं, आणि उरलेली उष्णता एका क्षणात वाफ करते. एक लिटरमागे 35-40 ग्रॅम पाणी, ऐकायला थोडं वाटतं, पण त्याची वाफ साठ लिटरच्या आसपास जागा मागते. डाळीचा फेस नळीत चढतो तो यामुळे, आणि फेसाने नळी बुजली की शिट्टी गप्प बसते, माणसाला वाटतं दाब उतरला. म्हणून डाळ अर्ध्या कुकरच्या वर भरत नाही, आणि लावायच्या आधी नळीतून उजेडाकडे बघते, आरपार दिसलं पाहिजे.

पाणी विसरलं तर काय, हे पण विचारतात लोक. पाणी आहे तोवरच 120 ची हद्द आहे, पाणी संपलं की वाफ नाही, दाब नाही, आणि बूड तापत जातं कुठपर्यंत पण. झाकणावरचा सेफ्टी वॉल त्यासाठीच असतो, त्यातला धातू वितळतो आणि भोक मोकळं होतं. तो उडाला तर नवीनच बसवायचा, मिस्त्रीकडून झाळून घ्यायचा नाही.

बोअरच्या पाण्यात डाळ जरा जास्त वेळ घेते हे खरं, जड पाण्यातला कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतो, त्याला कुकर काय करणार, मी वरणाला पिण्याचं पाणी वापरते. हँडलचा स्क्रू महिन्यातून एकदा ढिला होतो, पान्याने आवळते. चार स्टार, एक रिंगचा कापला.