फोटोशॉपचा व्हॅनिशिंग पॉइंट, आठ महिने वापरल्यावर: गाडी निघते, लॉनची कड छळते

मागच्या आठवड्यात एक फोटो क्लायंटकडून परत आला, म्हणून हे लिहायला बसलो. मी नाशिकला घरून अमेरिकेतल्या विक्रीच्या घरांचे फोटो एडिट करतो. घराचा समोरून काढलेला फोटो येतो, ड्राइव्ह-वेवर गाड्या उभ्या असतात. त्या काढायच्या आणि त्यांच्याआडचं काँक्रीट व लॉनची कड नव्याने उभी करायची. फोटोमागे पैसे ठरलेले असतात, त्यामुळे एकावर तास गेला की ते काम अंगावर पडतं.

त्यासाठी मी `Filter > Vanishing Point` वापरतो. त्यात फोटोतल्या जमिनीवर चार कोपरे ठेवून जाळी बसवायची, मग एका जागचं काँक्रीट दुसरीकडे क्लोन केलं की ते जाळीप्रमाणे लहान-मोठं होतं. २००५ च्या सीएस२ पासूनचं हे फिल्टर आहे, वेगळं प्लगइन विकत घ्यावं लागत नाही, म्हणून तर मी त्याकडे वळलो. पहिले दोन महिने मात्र नुसता वैताग. जाळी निळी दिसायची, तरी क्लोन केलेलं काँक्रीट उतारावरून घसरल्यासारखं वाटायचं. जाळी लाल किंवा पिवळी असेल तर चुकलंय हे नक्की, पण निळी म्हणजे फक्त गणित जुळलं. जमीन तशीच आहे याची ती हमी नाही.

चूक माझी होती. चार कोपरे मी अंदाजाने ठेवत होतो. काँक्रीटच्या ड्राइव्ह-वेला तडे ठरावीक जागीच जावेत म्हणून साधारण ८ ते १२ फुटांवर आडव्या खाचा पाडलेल्या असतात. दोन खाचा आणि दोन्ही बाजूंच्या कडा घेतल्या की कोपरे आपोआप मिळतात. कोपरा ठेवताना X दाबून धरलं की तेवढा भाग मोठा दिसतो. मग जाळी ओढून पुढच्या खाचेपर्यंत न्यायची. जाळीची आडवी रेघ त्या खाचेला समांतर राहिली तरच पुढे जायचं. त्याआधी लेन्सचा बाक काढणं मात्र आवश्यक आहे. वाइड लेन्समुळे कड वाकलेली असते आणि सरळ जाळी तिच्यावर बसूच शकत नाही. हे कळल्यावर माझं मत पूर्ण बदललं. आता नुसत्या काँक्रीटला दहा मिनिटं पुरतात.

पण कड! परत आलेल्या फोटोत एक पिकअप उजवी चाकं लॉनवर चढवून उभी होती. काँक्रीट छान जमलं. गाडीखालची कड मोकळी नव्हती, म्हणून मी डाव्या बाजूची सात-आठ फूट कड उचलली, आडवी उलटवली आणि उजवीकडे बसवली. क्लायंटने लिहिलं, "उजवीकडचं गवत चिकटवल्यासारखं दिसतंय." मी शंभर टक्क्यांवर बराच वेळ बघत बसलो तेव्हा कारण सापडलं. ऊन डावीकडून होतं. लॉन काँक्रीटपेक्षा बोटभर उंच असतं, त्यामुळे डाव्या कडेची बारीक काळी सावली काँक्रीटवर पडते आणि उजव्या कडेची पाती उजळतात. मी उलटवलेल्या तुकड्यासोबत सावलीही आली होती, तीही उन्हाच्या बाजूला.

तेव्हापासून कड त्याच बाजूची घेतो, तीही कॅमेऱ्याजवळची. जवळची कड लांब नेताना लहान होते आणि तिची पाती रेखीव राहतात. लांबची जवळ आणली की ताणली जाते आणि गवताचा हिरवा लगदा होतो. आधी नवा रिकामा लेयर घ्यायचा आणि मगच फिल्टर उघडायचं, कारण OK दाबल्यावर आतल्या पायऱ्या परत मिळत नाहीत. काँक्रीट एका लेयरवर, कड दुसऱ्यावर. `Heal` कडेजवळ `Off` ठेवतो. `On` असलं की हिरवा रंग काँक्रीटवर उतरतो. शेवटी कडेच्या मास्कवर दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने काही पाती बाहेर येऊ देतो. सरळ कापलेली कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. तयार गवताचे ब्रश वापरून पाहिले. सगळी पाती एकाच उंचीची, लगेच कळतं.

चिकटवल्याची दुसरी खूण तेलाच्या डागाची. स्रोतात डाग असेल तर तो तीन ठिकाणी उमटतो आणि चोरी पकडली जाते. म्हणून आधी डाग नसलेली जागा शोधतो. ड्राइव्ह-वेवर खरोखर असलेला डाग किंवा तडा मी काढत नाही. गाडी उद्या जाईल, तडा घर घेणाऱ्याच्या वाट्याला येणार आहे.

गाडी अगदी कॅमेऱ्याजवळ उभी असेल आणि कड दोन्ही टोकांना झाकलेली असेल, तर हे फिल्टर काही करू शकत नाही, कारण जवळचा स्रोतच नसतो. अशा वेळी मी आता फोटोग्राफरला सरळ सांगतो: ट्रायपॉड न हलवता गाडी दहा फूट पुढे घ्यायला लावा आणि दुसरा फोटो काढा. परत आलेल्या फोटोत तशी अडचण नव्हती, पिकअपच्या अलीकडे पाच फूट कड मोकळी होती. ती घेऊन पुन्हा केलं, पंचवीस मिनिटं लागली आणि फोटो पास झाला.