सर्व्हिस डेस्क सॉफ्टवेअर, काही महिन्यांच्या वापरानंतर: शनिवार-रविवारी लाल होणारी तिकिटं

आमचं काम झेरॉक्स मशीन आणि प्रिंटरच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं. ऑफिस अंधेरीत, गिऱ्हाईकं फोर्टपासून ठाण्यापर्यंत, आणि मी डिस्पॅच डेस्कवर. तक्रारी पूर्वी वहीत आणि व्हॉट्सॲपवर असायच्या, गेल्या पावसाळ्यापासून त्या एका सर्व्हिस डेस्क सॉफ्टवेअरवर आल्या. नाव देत नाही, कारण पुढे जे लिहितोय ते या प्रकारच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना थोड्याफार फरकाने लागू पडतं. तिकीट, म्हणजे एका तक्रारीची नोंद, कसं उघडतं, मोबाइल ॲप कसं आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ॲप चांगलं आहे, टेक्निशियन पोरांना एका दिवसात जमलं. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे: मुदत मोजणारं घड्याळ, त्यामागचं कामाच्या वेळेचं कॅलेंडर आणि सुट्ट्यांची यादी.

सुरुवातीपासून दर सोमवारी एकच प्रकार. सकाळी दहाला स्क्रीन उघडली की शुक्रवारी दुपारनंतर आलेली बरीचशी तिकिटं लाल, म्हणजे मुदत उलटलेली. गंमत अशी की सगळी नाहीत, काहीच. एक उदाहरण देतो. शुक्रवारी दुपारी ४:३० ला तक्रार आली, कागद अडकतोय. आमची वेळ सोमवार ते शुक्रवार, १० ते ६. करारात मुदत कामकाजाचे ८ तास. शुक्रवारचा दीड तास मोजायचा, सहा वाजता घड्याळ थांबवायचं, सोमवारी दहाला पुन्हा सुरू करून उरलेले साडेसहा तास मोजायचे. मुदत येते सोमवारी दुपारी ४:३०. स्क्रीनवर मात्र मुदत होती शनिवार दुपारी ४:३० आणि पुढे लिहिलेलं, ४१ तास ३० मिनिटं उशीर. हातात साडेसहा तास शिल्लक असलेलं काम दीड दिवसाहून जास्त उशिराचं दिसत होतं.

हे नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही. सोमवारी सकाळी दहालाच लोअर परळहून अर्जंट तक्रार येते, मुदत ४ तास, म्हणजे दुपारी २. ती हिरवी दिसते, कारण आत्ताच आली आहे. टेक्निशियन यादीत वरची लाल ओळ बघतो आणि संध्याकाळपर्यंत वेळ असलेल्या कामाला आधी जातो. खरी मुदत दोनला चुकते. लाल रंग खोटा निघाला की हिरव्यावरही विश्वास ठेवता येत नाही, आणि मग मुदतीचा तो कॉलम पोरं वाचायचंच सोडतात. आमच्याकडे सोडलंच होतं.

सपोर्टला चॅटवर विचारलं. उत्तर आलं, तुमचं कॅलेंडर बरोबर सेट आहे. पुन्हा स्क्रीनशॉट पाठवले, पुन्हा तेच. शेवटी फोनवर एक मॅडम आल्या, त्यांनी पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला: लाल होणारी तिकिटं कुठल्या प्रायॉरिटीची आहेत? सगळी मध्यम प्रायॉरिटीची निघाली. मुदतीच्या धोरणात प्रत्येक प्रायॉरिटीची वेगळी ओळ असते. त्या ओळीच्या शेवटी एक छोटा ड्रॉपडाउन, त्यात दोन पर्याय: `Business hours` आणि `Calendar hours`. पहिला कामाच्या वेळेचं कॅलेंडर वाचतो. दुसरा काहीच वाचत नाही, रात्र, रविवार, गणपती, सगळं धरून सरळ मोजतो. बाकी तीन ओळींवर पहिला पर्याय होता. मध्यमच्या ओळीवर दुसरा, आणि मुदतीच्या रकान्यात ८ तासांऐवजी `1 day`. दुसऱ्या पर्यायात एक दिवस म्हणजे चोवीस तास. म्हणून शुक्रवार ४:३० चं शनिवार ४:३०. ही मांडणी त्यांच्याच माणसाने सुरुवातीला करून दिली होती.

म्हणजे सपोर्टचं म्हणणं खरं होतं. कॅलेंडर बरोबरच होतं, पण ती ओळ ते वाचतच नव्हती. माझा राग यावर आहे की तिकिटाच्या पानावर हे कुठेही लिहिलेलं नाही. मुदत दिसते, पण ती कशाच्या आधारावर काढली ते दिसत नाही. ‘ही मुदत अमुक कॅलेंडरप्रमाणे’ एवढी एक ओळ दिली असती तर इतक्या सोमवारांची धावपळ वाचली असती.

तुमच्याकडे हे आहे का, ते ओळखायला सोपं. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक प्रायॉरिटीचं एकेक खोटं तिकीट उघडा आणि फक्त मुदतीचा वार बघा. शनिवार किंवा रविवार दिसला तर ती ओळ कॅलेंडर वाचत नाही. वार बरोबर पण तास भलतेच, म्हणजे मुदत रात्री नऊ-दहाची, असं असेल तर कॅलेंडरचा टाइमझोन बघा. तो यूटीसीवर राहिला असेल तर तुमचे १० ते ६ भारतात दुपारी ३:३० ते रात्री ११:३० असे मोजले जातात. ओळ बदलताना मुदतीचा आकडाही तासांत लिहा. काही सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या वेळेचा पर्याय निवडला तरी एक दिवस म्हणजे चोवीस तासच धरतात, आणि आठ तासांच्या ऑफिसला ते तीन कामाचे दिवस पडतात.

ड्रॉपडाउन बदलला आणि सोमवार शांत झाले. इथवर मी याला पाचपैकी चार तारे देणार होतो. मग सप्टेंबर २०२५ आला.

त्या वर्षी ईद-ए-मिलादची सुट्टी यादीत ५ सप्टेंबर, शुक्रवार अशी होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी. विसर्जन आणि जुलूस लागोपाठ येऊ नयेत म्हणून राज्य सरकारने अगदी आदल्या एक-दोन दिवसांत मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी ही सुट्टी सोमवार, ८ सप्टेंबरला हलवली. बाकी महाराष्ट्रात ५ तारीखच राहिली. आमची बरीच गिऱ्हाईकं सरकारी सुट्टीप्रमाणे चालणारी आहेत, त्यामुळे आम्ही शुक्रवारी कामावर आणि सोमवारी घरी. सॉफ्टवेअरला यातलं काही कळायची सोय नाही. सुरुवातीला भरलेल्या यादीत ५ तारीख होती, ८ नव्हती.

शुक्रवारी, ५ तारखेला दुपारी १२ वाजता फोर्टच्या एका ऑफिसची तक्रार आली, मुदत ८ तास. खरा हिशोब: शुक्रवारी बारा ते सहा, ६ तास. शनिवार, रविवार, सोमवार बंद. मंगळवारी दहा ते बारा, उरलेले २. मुदत मंगळवार, ९ तारीख, दुपारी १२. सॉफ्टवेअरचा हिशोब: शुक्रवार सुट्टी, घड्याळ सुरूच नाही. सोमवारी दहाला सुरू, सहाला आठ तास पूर्ण, मुदत चुकली. सोमवारी ऑफिसला कुलूप, आणि मंगळवारी सकाळी तिकीट लाल. शुक्रवारी आमचा पोरगा प्रत्यक्ष जाऊन ड्रम युनिट बघून आला होता, सुटा भाग मंगळवारी सकाळी बसणार होता. तरी महिन्याच्या रिपोर्टमध्ये ते मुदत चुकलेलं काम म्हणून गेलं, आणि गिऱ्हाईकाने त्यावर दंडाचं कलम काढलं.

मंगळवारी यादी दुरुस्त केली. दुरुस्ती दोन ठिकाणी लागते, ८ तारीख घालायची आणि ५ काढायची. नुसती ८ घातली तर दोन्ही दिवस सुट्टी धरली जाते आणि वरच्या तिकिटाची मुदत मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत ढकलली जाते. ही चूक आपल्या फायद्याची असल्याने कोणी बोलत नाही आणि ती यादीत पडून राहते. दुसरी अडचण जास्त त्रासाची. यादी बदलली तरी आधी उघडलेल्या तिकिटांची मुदत हललीच नाही. या सॉफ्टवेअरमध्ये मुदत तिकीट उघडताना काढून साठवली जाते. ती नव्याने काढून घ्यायची तर प्रायॉरिटी बदलून परत होती तशी करावी लागते, आणि तो बदल तिकिटाच्या इतिहासात कायमचा राहतो. दंडाचा वाद चालू असताना गिऱ्हाईकाला तो इतिहास दाखवणं किती अवघड जातं, ते मी अनुभवलं आहे.

त्याच इतिहासाने आम्हाला वाचवलंही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्येक तिकिटाखाली घड्याळाची नोंद असते, कधी सुरू झालं, कधी थांबलं, मिनिटासकट. फोर्टच्या तिकिटावर पहिलीच नोंद ‘सुरू, सोमवार ८ सप्टेंबर, सकाळी १०:००’ अशी होती. तिकीट उघडलं शुक्रवारी, टेक्निशियनची भेटही शुक्रवारची, आणि घड्याळ सुरू झालं सुट्टीच्या दिवशी. हे पान आणि सरकारची अधिसूचना जोडून पाठवल्यावर गिऱ्हाईकाच्या ॲडमिन साहेबांनी दंड मागे घेतला. ही नोंद मी इतर कुठल्या स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये इतकी स्वच्छ पाहिलेली नाही. सप्टेंबरसाठी कमी केलेल्या एका ताऱ्यातला अर्धा इथे परत देतो.

आता पैशाची गोष्ट. मुलुंड ओलांडून ठाण्यात गेलं की त्या आठवड्यात सुट्टी वेगळी होती. ठाण्याच्या एका गिऱ्हाईकाची तक्रार गुरुवारी, ४ तारखेला दुपारी ४ वाजता आली. त्यांचा शुक्रवार बंद, सोमवार चालू, त्यामुळे ८ तासांची मुदत सोमवारी दुपारी ४. मुंबईच्या दुरुस्त यादीने ती शुक्रवारी दुपारी ४ होते, म्हणजे त्यांचं गेट बंद असताना मुदत चुकते आणि तिकीट शनिवार-रविवार लाल राहतं. यादी कितीही सुधारा, एका कॅलेंडरात मुंबई आणि ठाणे दोन्ही बसत नाहीत. बँकांच्या शाखांचंही तसंच, त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे चालू. दुसरं कॅलेंडर मिळतं ते फक्त वरच्या प्लॅनमध्ये, आणि वरचा प्लॅन घ्यायचा तर सगळ्या सीटसाठी घ्यावा लागतो. एका जास्तीच्या यादीसाठी सगळ्या पोरांमागे दर महिन्याला वाढीव पैसे देणं मला पटत नाही. आमच्या सरांनाही पटलं नाही.

म्हणून नूतनीकरण जुन्याच प्लॅनवर केलं आहे. ठाणे आणि बँकांच्या तिकिटांना टॅग लावतो आणि सुट्टीच्या आठवड्यात त्यांची मुदत हाताने बदलतो. १५ जानेवारी २०२६ ला महापालिका मतदानाची सुट्टी होती, ती जाहीर झाली त्याच दिवशी यादीत घातली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर यांना ‘दरवर्षी’ची खूण ठेवली आहे. गणेश चतुर्थीवरची ती खूण मात्र काढली. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, खूण राहिली असती तर २०२६ मध्ये २७ ऑगस्टच्या गुरुवारी भर कामात घड्याळ बंद पडलं असतं, आणि १४ सप्टेंबरला, खऱ्या चतुर्थीच्या सोमवारी, चालू राहिलं असतं. त्याआधीच्या शुक्रवारची, ११ तारखेची, तिकिटं मी आत्ताच खोटी उघडून तपासता येतात का ते पाहिलं. पुढच्या तारखेचं तिकीट हे सॉफ्टवेअर उघडू देत नाही. साडेतीन तारे.