पंखा फिरतो, फर्नेस पेटत नाही: इग्नायटरचा अनुभव

घर गरम करणाऱ्या या गॅस फर्नेसबद्दल पहिल्या महिन्यांत मी फक्त चांगलंच सांगितलं असतं. मग ऐन थंडीत ती पेटेनाशी झाली. तंत्रज्ञाने झाकण उघडून मिनिटभर पाहिलं आणि कंट्रोल बोर्ड बदलायला सांगितला. कुठलंही माप न घेता एवढा महागडा भाग बदलायला सांगणं मला अजिबात पटलं नाही.

म्हणून थर्मोस्टॅट वाढवून मी बर्नरसमोरच्या काचेतून पाहत बसलो. धूर बाहेर काढणारा छोटा पंखा सुरू झाला, प्रेशर स्विचचा टिक आवाज आला. यानंतर गॅस पेटवणारा इग्नायटर अर्ध्या मिनिटाच्या आसपास लालभडक, मग पिवळसर व्हायला हवा आणि तेव्हाच गॅस सुटायला हवा. इथे मात्र मिट्ट काळोख. गॅस व्हॉल्व्ह काही सेकंद उघडून बंद झाला, काही वेळाने पुन्हा तोच क्रम, आणि शेवटी फर्नेस लॉकआउटमध्ये गेली, म्हणजे प्रयत्न सोडून बंद पडली. काही बोर्डांना इग्नायटरमधून करंट जात नसल्याचं कळतं. ते व्हॉल्व्ह उघडतच नाहीत.

ओळखायची खूण हीच. ज्योत पेटून काही सेकंदांत विझली, तर संशय ज्योत पेटली का हे ओळखणाऱ्या फ्लेम सेन्सरवर घ्यावा. उजेडच दिसला नाही, तर इग्नायटरवर, किंवा त्याला वीज पोहोचत नाही यावर.

वीज आणि गॅस दोन्ही बंद करून, सगळं थंड झाल्यावर मी इग्नायटरचा दोन तारांचा प्लग सोडवला आणि मल्टिमीटर ओहमवर लावला. सिलिकॉन कार्बाइडचा इग्नायटर थंड असताना साधारण 40 ते 90 ओहम दाखवतो. माझ्या मीटरवर OL, म्हणजे आत तार तुटल्यासारखंच. टॉर्च धरल्यावर इग्नायटरच्या एका पात्यावर केसाएवढी आडवी चीर आणि तिच्याभोवती पांढुरका डाग दिसला. चीर दिसलीच पाहिजे असं नाही, आणि थंडपणी आकडा बरा आला तरी तापल्यावर ती उघडू शकते. तशा वेळी तापण्याच्या टप्प्यात प्लगवर व्होल्टेज तपासतात (बहुतेक ठिकाणी 120 व्होल्टच्या आसपास). वीज येते पण उजेड नाही, तर इग्नायटर गेला. वीजच नसेल, तर बोर्ड किंवा प्रेशर स्विच बघायचा. ही तपासणी चालू विजेवर होते, सराव नसेल तर जाणकारालाच करू द्या.

म्हणजे बोर्ड ठणठणीत होता. फर्नेसवरचा माझा राग इथेच ओसरला, पण इतका ठिसूळ भाग मूळ जोडणीत का, हा राग कायम आहे.

आता कंपनीने याच मॉडेलसाठी दिलेला सिलिकॉन नायट्राइडचा इग्नायटर बसवला आहे. तो जास्त चिवट असतो, मात्र त्याचे थंड ओहम बरेच कमी असतात, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना करून तो खराब ठरवू नका. कार्बाइडचाच बसवणार असाल, तर पात्याला बोट लावू नका. त्वचेचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि पातं तिथेच तडकतं. नव्याचं थंड रीडिंग मी झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलं आहे.