आयसीसी कुठून घ्यावा: आपल्या पायलटमधून की छापील अभ्यासांतून?

क्लस्टर ट्रायलमध्ये एकेकटी माणसं नाही, तर शाळा किंवा दवाखान्यासारखे अख्खे क्लस्टर तुलनेच्या दोन गटांत वाटतात. तिचा प्रोटोकॉल लिहिताना नमुना संख्येचं घोडं आयसीसीपाशी अडतं, म्हणजे एकाच क्लस्टरमधली माणसं एकमेकांसारखी किती हे सांगणाऱ्या आकड्यापाशी. हा आकडा आणायचे दोन रस्ते आहेत. मी दोन्ही चालून पाहिले.

पायलटची ओढ मला समजते. आपलेच क्लस्टर, आपलंच मोजमाप, मग दुसऱ्याचा आकडा कशाला? मीही ६ क्लस्टर घेतले, प्रत्येकात २० माणसं. आयसीसी आला ०.०१. प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० वर जाईल, पॉवर ८० टक्के, असं धरलं होतं. साध्या ट्रायलला एका गटात ३८५ माणसं पुरली असती. क्लस्टरमागे m = ३० माणसं घेतली, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे क्लस्टरमुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा, `1 + (m − 1) × ICC` म्हणजे १.२९, आणि गटामागे १७ क्लस्टर. मी खूश.

समीक्षकाने एकच विचारलं: या ०.०१ चा विश्वासांतर किती? काढून पाहिला तर शून्यापासून जवळपास ०.२४ पर्यंत. ६ क्लस्टरांतून याहून नेमकं काही निघणारच नव्हतं. माणसं १२० असली तरी क्लस्टरमधला फरक सांगणारे नमुने सहाच.

पण मला खरं खटकलं ते पुढचं. खरा आयसीसी ०.०५ असेल तर गटामागे ३२ क्लस्टर लागतात. मला वाटलं, कमी पडले तर प्रत्येक क्लस्टरमध्ये माणसं वाढवू. ते चालत नाही. ३८५ ला ०.०५ ने गुणलं की १९.२५ येतात, म्हणजे किमान २० क्लस्टर हवेतच. १७ क्लस्टरांत हजार-हजार माणसं कोंबली तरी ८० टक्के पॉवर मिळत नाही. चूक ट्रायल सुरू झाल्यावर कळली, तर नवे क्लस्टर आणायचे कुठून?

छापील आयसीसीही काही सोवळा नसतो. त्यातला क्लस्टर आपल्यासारखाच हवा; शाळेचा आकडा दवाखान्याला लावून भागत नाही. मोजमापाची जातही तीच हवी, कारण कर्मचाऱ्यांच्या कामाच्या पद्धतीचा आयसीसी रुग्णांवरच्या परिणामाच्या आयसीसीपेक्षा बहुधा जास्त असतो. पण चार-पाच अभ्यास शेजारी ठेवले की एकाच आकड्याच्या भरवशावर राहावं लागत नाही, पट्टा दिसतो.

म्हणून, कुणाचा अनुभव वेगळा असेलही, पण मी आता छापील पट्ट्याच्या वरच्या अंगाचा आकडा धरतो. प्रोटोकॉलमध्ये असं लिहितो: ‘आयसीसी ०.०५ धरून गटामागे ३२ क्लस्टर. तो ०.०३ निघाल्यास २४ पुरले असते, ०.०७ निघाल्यास पॉवर साधारण ७२ टक्के राहील.’ या वाक्यावर मला अजून कुणी अडवलेलं नाही.

पायलट आजही करतो. क्लस्टरचे आकार किती कमीजास्त आहेत आणि मध्येच किती जण गळतात, हे तिथेच कळतं.